काळजीची वेळ : सायंकाळी साडेसात ते आठ

चरून आलेली गाय गोठ्यात बसून रवंथ करते, तेव्हा तिच्या पोटात एक काम चाललेले असते. घाईघाईने गिळलेला चारा ती पुन्हा तोंडात आणते, बारीक चावते आणि त्यातूनच तिला पोषण मिळते. एकच विचार पुन:पुन्हा घोळवण्याला मराठीत 'विचारांचा रवंथ' म्हणतात. इंग्रजी मानसशास्त्राने या सवयीला दिलेले नावही रवंथ करण्याच्या मूळ लॅटिन शब्दावरूनच आले आहे. उपमा समर्पक वाटते, पण एका बाबतीत ती फसवी आहे. गाईचा रवंथ संपतो आणि चारा पचतो. माणसाचा रवंथ मात्र रात्रभर चालूनही सकाळी तोच विचार, तसाच न पचलेला, पुन्हा समोर येतो.

अडचण अशी की, रवंथ करणाऱ्याला आपण रवंथ करत आहोत असे वाटत नाही. आपण प्रश्नाचा 'सखोल विचार' करत आहोत, असेच त्याला वाटते. प्रश्न सोडवणारा विचार आणि नुसता गोल फिरणारा विचार बाहेरून सारखेच दिसतात. दोन्हींत कपाळाला आठ्या असतात, दोन्हींत झोप लागत नाही आणि दोन्हींत विषयही खराच असतो. म्हणूनच 'फार विचार करू नका' हा घरोघरी दिला जाणारा सल्ला निरुपयोगी ठरतो. विचार तर करायलाच हवा असतो. तो कोणता, कधी आणि किती वेळ, एवढाच प्रश्न असतो.

हा फरक समजून घ्यायला मुंबईच्या उपनगरांइतकी जवळची जागा दुसरी सापडणार नाही. मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली या पट्ट्यात चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या तीन-चार मजली इमारती एकामागून एक पुनर्विकासाला जात आहेत. जुने घर रिकामे करायचे, बिल्डर देईल त्या भाड्यात दुसरीकडे राहायचे आणि नव्या घराच्या चावीची वाट पाहायची, हा हजारो मध्यमवर्गीय कुटुंबांचा अनुभव आहे. काम वेळेत झाले तर ठीक. ते रखडले, भाडे थकले, की काळजी घरात कायमची मुक्कामाला येते.

अशाच एका कुटुंबाचे प्रातिनिधिक, कल्पित उदाहरण घेऊ. मुलुंड पूर्वेला राहणारे बावन्न वर्षांचे एक गृहस्थ अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतील एका कंपनीत हिशेब विभागात आहेत. घरी पत्नी, बारावीतील मुलगी आणि ८२ वर्षांचे वडील. जुनी इमारत पाडून अडीच वर्षे झाली. नव्या इमारतीचे काम चौथ्या मजल्यावर थांबले आहे. दरमहा ३२ हजार रुपये भाडे बिल्डरकडून येत असे. ते तीन महिन्यांपासून आलेले नाही. रात्री तीनच्या सुमारास या गृहस्थांना जाग येते आणि मग डोक्यात चक्र सुरू होते. इमारत पूर्णच झाली नाही तर? भाडे स्वत:च्या खिशातून किती दिवस भरणार? त्या वेळी आपण सही केलीच कशाला? शेजारचे कुलकर्णी नको म्हणत होते, त्यांचे का ऐकले नाही? बाबा नव्या घरात येईपर्यंत असतील का? आपल्याच बाबतीत असे का होते? पत्नी कूस बदलून म्हणते, "अहो, झोपा आता. सकाळी बघू." सकाळी मात्र साडेसातची गाडी पकडायची असते. बघायला वेळ नसतो. रात्री तीनला पुन्हा तेच.

या सहा प्रश्नांकडे नीट पाहिले तर त्यांत तीन निरनिराळ्या जाती मिसळलेल्या दिसतात. काही 'असे झाले तर' या प्रकारचे, म्हणजे भविष्याकडे तोंड केलेले आहेत. त्यांना चिंता म्हणता येईल. काही 'असे का झाले' या प्रकारचे, भूतकाळाकडे वळलेले आहेत. रूढ अर्थाने रवंथ हाच. आणि एकात, भाड्याच्या प्रश्नात, खरोखर काही करण्याजोगे दडलेले आहे. पण रात्री तीन वाजता तेही इतर प्रश्नांच्या गर्दीत हरवून जाते.

'का' या प्रश्नाचा गळफास

रवंथाचा शास्त्रशुद्ध अभ्यास सुरू करण्याचे मोठे श्रेय अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ सुझन नोलन-होक्सेमा यांच्याकडे जाते. १९८९ मध्ये त्या कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड विद्यापीठात होत्या. विद्यार्थ्यांची मन:स्थिती आणि उदास वाटल्यावर ते काय करतात, याची प्रश्नावली त्यांनी भरून घेतली होती. त्यानंतर अवघ्या दोन आठवड्यांत, १७ ऑक्टोबरला, त्या भागात मोठा भूकंप झाला. आपत्तीपूर्वीची नोंद हाती असण्याचा योग संशोधकांना क्वचितच लाभतो. भूकंपानंतर दहा दिवसांनी आणि पुन्हा सात आठवड्यांनी त्याच विद्यार्थ्यांना विचारले, तेव्हा असे दिसले की, ज्यांना आधीपासूनच आपल्या उदासीबद्दल घोळवत बसण्याची सवय होती, त्यांच्यात नैराश्याची लक्षणे अधिक होती. आधीची मन:स्थिती हिशेबात धरूनही हा फरक उरत होता.

पुढे १९९५ मध्ये त्यांनी आणि सोन्या ल्युबोमिर्स्की यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. उदास व्यक्तींना काही मिनिटे स्वत:च्या भावनांवर घोळवत बसायला लावले आणि मग नातेसंबंधांतील काही प्रश्न सोडवायला दिले, तर त्यांनी सुचवलेले उपाय अधिक कच्चे निघाले. तितक्याच उदास असलेल्या, पण ज्यांचे लक्ष दुसरीकडे वळवले होते अशा व्यक्तींना मात्र बरे उपाय सुचले. थोडक्यात, रवंथामुळे प्रश्न सुटत नाही एवढेच नव्हे, तर तो सोडवण्याची क्षमताच तेवढ्यापुरती बोथट होते.

असे का होते, याचे एक पटणारे उत्तर ब्रिटनमधील एडवर्ड वॉटकिन्स यांच्या संशोधनातून मिळते. रवंथाची भाषा अमूर्त असते. 'आपल्याच बाबतीत असे का होते' या प्रश्नाला तारीख नाही, ठिकाण नाही, रक्कम नाही. त्यामुळे त्याचे उत्तरही सापडत नाही आणि शोध थांबतही नाही. याउलट 'कसे', 'केव्हा', 'कोणाकडे', 'किती' हे शब्द आले की विचार जमिनीवर येतो. 'आता आमचे काय होणार' हा रवंथ झाला. 'येत्या १० तारखेला घरमालकाला ३२ हजार द्यायचे आहेत, बँकेत ते आहेत का' हा प्रश्न झाला. त्रासदायक दोन्ही आहेत, पण दुसऱ्याला शेवट आहे.

मग मन हा निरुपयोगी उद्योग सोडत का नाही? कारण तो निरुपयोगी वाटत नाही. काळजी करत असताना आपण जबाबदारीने वागत आहोत, असे वाटते. शिवाय ज्या संकटांची काळजी केली जाते, त्यांतील बरीचशी येतच नाहीत आणि न आलेल्या संकटाचे श्रेय मन नकळत काळजीला देऊन टाकते. मुलगी उशिरा घरी येते, आई गॅलरीत उभी राहून तासभर जिवाची तगमग करते, मुलगी सुखरूप येते. पुढच्या वेळी आई पुन्हा गॅलरीतच उभी राहते. आपल्या समाजात तर काळजी न करणारा माणूस बेफिकीर ठरतो, त्यामुळे या सवयीला प्रतिष्ठाही लाभली आहे.

काळजीला जागा नेमून द्यायची

१९८३ मध्ये अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया राज्य विद्यापीठातील थॉमस बोर्कोवेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधी युक्ती तपासून पाहिली. तिचे मूळ निद्रानाशाच्या उपचारात होते. झोप न येणाऱ्या माणसाचा बिछाना हळूहळू झोपेची नव्हे, तर जागे राहण्याची खूण बनतो. म्हणून झोप येत नसेल तर बिछान्यावरून उठावे, असे त्या उपचारात सांगितले जाते. बोर्कोवेक यांनी हाच न्याय काळजीला लावला. काळजी दिवसभर, कुठेही, केव्हाही केली जाते. त्यामुळे बिछाना, गाडीतील आसन, कार्यालयातील टेबल, जेवणाचे ताट या साऱ्याच गोष्टी तिच्या खुणा बनतात. तेव्हा काळजी बंद करायची नाही, तिला एक वेळ आणि एक जागा नेमून द्यायची.

त्यांनी दिलेल्या सूचना चारच होत्या. काळजीचा विचार सुरू झाला की तो ओळखायला शिकायचे. रोज त्याच वेळी, त्याच जागी अर्धा तास काळजीसाठी राखून ठेवायचा. एरवी काळजी आली तर तिला त्या अर्ध्या तासापर्यंत पुढे ढकलायचे आणि हातातल्या कामाकडे, समोरच्या दृश्याकडे लक्ष वळवायचे. आणि राखून ठेवलेल्या अर्ध्या तासात खरोखरच काळजी करायची आणि प्रश्न सोडवण्याचा प्रयत्न करायचा. चार आठवडे हे करणाऱ्यांचा काळजीत जाणारा वेळ, काहीही न करणाऱ्यांच्या तुलनेत, कमी झाला.

यातली तिसरी सूचना सर्वात नाजूक आहे. 'पुढे ढकलणे' आणि 'दाबून टाकणे' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. १९८७ मध्ये डॅनियल वेग्नर यांनी काही जणांना पाच मिनिटे पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, असे सांगितले आणि तो आला की घंटा वाजवायला लावली. घंटा वाजतच राहिल्या. मनाला 'नको' म्हटले की त्या गोष्टीवर पहारा ठेवावा लागतो आणि पहारा ठेवायचा तर ती आठवावीच लागते. 'आत्ता नको, साडेसातला' असे म्हणताना पहारा लागत नाही, कारण विषय नाकारलेला नसतो. मात्र साडेसातला ती भेट खरोखर व्हायला हवी. दोन-तीन दिवस ती चुकवली की मन त्या आश्वासनावर विश्वास ठेवणे सोडून देते आणि पुन्हा रात्री तीनला दार ठोठावते.

उपनगरातील एक-दीड खोल्यांच्या भाड्याच्या घरात 'वेगळी जागा' कुठून आणायची, हा रास्त प्रश्न आहे. खोली लागत नाही, खूण लागते. मुलुंडचे ते गृहस्थ सोसायटीच्या आवारातील बाक निवडू शकतात किंवा जेवणाच्या टेबलाची एरवी रिकामी असणारी खुर्ची. बिछाना मात्र वर्ज्य. रोजची गाडीही शक्यतो वर्ज्य, कारण तिथे एकदा काळजी बसली की सकाळ-संध्याकाळचा प्रवास तिच्या नावे होतो. वेळ झोपेच्या अगदी तोंडावर नसावी, दोन-तीन तासांचे अंतर हवे. कामावरून परतल्यावर, चहा झाल्यावर, साडेसात ते आठ ही बहुतेकांना सोयीची ठरावी. अर्धा तास जड वाटला तर वीस मिनिटेही चालतात. वेळ संपल्याची खूण म्हणून मोबाइलचा गजर लावावा आणि संपल्याबरोबर जागेवरून उठावे.

दिवसभरासाठी खिशात एक छोटी वही पुरते. घाटकोपरला मेट्रोत चढताना 'भाडे' आठवले, तर वहीत तेवढा एकच शब्द लिहायचा. सविस्तर लिहू लागले की तिथेच काळजी सुरू होते. मग नजर वर करून समोर काय आहे ते पाहायचे : जागृतीनगर गेले, आता असल्फा, डब्यातल्या थंड हवेचा झोत, शेजारच्या मुलाचे दप्तर. विचार दोन मिनिटांत परत येईल. पुन्हा 'साडेसातला' म्हणायचे. पहिल्या आठवड्यात हे दिवसातून तीस-चाळीस वेळा करावे लागले, तर त्यात नवल नाही आणि ते अपयशही नाही.

अर्ध्या तासात काय करायचे?

बरेच जण इथे फसतात. नेमून दिलेल्या वेळीही ते रवंथच करतात, फक्त बाकावर बसून. तो ओळखण्याची एक सोपी कसोटी वर्तनोपचार करणारे मायकेल ॲडिस आणि क्रिस्टोफर मार्टेल यांनी सांगितली आहे. दोन मिनिटे विचार करावा आणि मग स्वत:ला विचारावे : प्रश्न सुटण्याच्या दिशेने एक पाऊल तरी पुढे गेले का? पूर्वी न कळलेले काही कळले का? स्वत:ला दोष देणे किंवा मनाचे ओझे थोडे तरी कमी झाले का? तिन्हींचे उत्तर 'नाही' असेल, तर तो रवंथ आहे.

मुलुंडच्या गृहस्थांची वही उघडू. पहिला शब्द 'भाडे'. याचे प्रश्नात रूपांतर करायचे तर आधी तो कागदावर एका वाक्यात मांडावा लागतो : तीन महिन्यांचे ९६ हजार रुपये बिल्डरकडून येणे आहेत आणि १० तारखेला पुढचा हप्ता द्यायचा आहे. मग सुचतील ते सगळे मार्ग, चांगले-वाईट न ठरवता, लिहायचे. सोसायटीच्या चिटणिसांना लेखी पत्र देऊन थकबाकीचा खुलासा मागणे. इतर किती सभासदांचे भाडे थकले आहे, याची यादी करणे. करारनाम्यात भाडे थकल्यास काय करायचे आणि बँक हमी किती आहे, ते कलम शोधणे. प्रकल्प 'महारेरा'कडे नोंदलेला असेल, तर संकेतस्थळावर कामाची प्रगती पाहणे. घरमालकाशी बोलून पंधरा दिवसांची मुदत मागणे. मेव्हण्याकडून उसने घेणे. त्यानंतर यांतले एकच निवडायचे, जे येत्या दोन दिवसांत करता येईल. करारनामा कपाटातून काढून ते कलम वाचायचे, उद्या रात्री नऊला. वहीत तशी नोंद. झाले. पहिल्या शब्दाला दहा मिनिटे लागली आणि तीनशे रात्रींत जे झाले नव्हते ते झाले : पुढचे पाऊल ठरले.

दुसरा शब्द 'सही'. सही केलीच कशाला, या प्रश्नाचे कोणतेही उत्तर ती सही पुसू शकत नाही. तो 'का' बदलून 'कसे' करता येतो का, एवढे पाहायचे. पुढच्या वेळी सर्वसाधारण सभेत कोणत्याही कागदावर सही करण्याआधी कोणत्या तीन गोष्टी विचारायच्या? त्या तीन ओळी लिहिल्या की या विषयातले उपयोगी तेवढे हाती आले. उरलेला पश्चात्ताप आहे. तो खराच आहे, पण त्यातून काढण्यासारखे काही शिल्लक नाही.

तिसरा शब्द 'बाबा'. इथे प्रश्नोत्तराची ही सारी यंत्रणा थांबते. वडील ८२ वर्षांचे आहेत, त्यांना आपल्या घरात जायचे आहे आणि इमारत चौथ्या मजल्यावर थांबली आहे. यावर उपाय नाही. ज्या काळजीला उपाय नाही तिला उपाय शोधत बसणे, हाही रवंथाचाच एक प्रकार आहे. ती काळजी नसून दु:ख आहे आणि ते दु:ख म्हणूनच अनुभवावे लागते, बायकोपाशी बोलावे लागते. त्यातूनही कधी एखादी लहानशी गोष्ट सुचते. वडिलांचे जुने शेजारी याच भागात भाड्याने विखुरले आहेत. रविवारी रिक्षाने बाबांना त्यांच्यापैकी एकाकडे न्यायचे. त्यामुळे घर मिळणार नाही. पण बाबांचे हरवलेले काय, तर चार भिंतींइतकेच ते शेजारी, हे या बसण्यातून ध्यानात येऊ शकते.

'घर ठरल्या वेळी मिळालेच पाहिजे' या हट्टाच्या भाषेकडेही लक्ष द्यायला हवे. अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ मानसोपचाराचा गाभाच तो आहे. ही पद्धती मराठी मुलखात रुजवण्यात एलिस यांच्याशी दीर्घकाळ पत्रव्यवहार करणारे मुंबईचे मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके आणि ठाण्यातील डॉ. आनंद नाडकर्णी यांचा मोठा वाटा आहे. घर वेळेत मिळावे ही इच्छा विचाराला चालना देते. मिळालेच पाहिजे ही मागणी मात्र वास्तवाशीच भांडण मांडते आणि त्या भांडणाला अंत नसतो.

मर्यादाही ध्यानात घ्याव्यात

काळजीच्या वेळेवरील अनेक अभ्यास विद्यार्थ्यांवर आणि थोड्या आठवड्यांसाठी झालेले आहेत. परिणाम दिसतो, पण तो सगळ्यांना सारखा मिळत नाही. दोन आठवडे रोज नेमाने करून पाहावे. रात्री जाग येण्याचे प्रमाण किंवा वहीतील शब्दांची संख्या जराही कमी झाली नाही, तर केवळ ही युक्ती पुरेशी नाही असे समजावे. पुष्कळदा असे होते की, साडेसातला वही उघडल्यावर निम्मे शब्द शिळे वाटतात. सकाळी डोंगराएवढी वाटलेली साहेबांची नाराजी संध्याकाळी आठवतही नाही. अशा वेळी ओढूनताणून अर्धा तास भरू नये.

रात्री तीनला जाग आलीच तर? उशाशी वही असावी, एक शब्द लिहावा. झोपण्यापूर्वी पाच मिनिटे लिहिण्याचाही उपयोग होतो, पण काय लिहायचे याला महत्त्व आहे. अमेरिकेतील बेलर विद्यापीठातील मायकेल स्कलिन यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ५७ तरुणांपैकी काहींना येत्या दिवसांत करायच्या कामांची यादी आणि काहींना झालेल्या कामांची यादी लिहायला सांगितली. करायच्या कामांची यादी लिहिणाऱ्यांना सरासरी नऊ मिनिटे लवकर झोप लागली. यादी जितकी नेमकी, तितकी झोप लवकर.

पैसाच नसेल, तर वहीने तो येत नाही, हेही स्पष्ट म्हटले पाहिजे. आणि जिथे मन खचलेले आहे, तिथे माणसाला एकट्याने वही घेऊन बसवणे योग्य नव्हे. गोव्यातील 'संगथ' या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांतील तीव्र नैराश्याच्या रुग्णांसाठी एक पद्धती तपासली. तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात प्रशिक्षण दिलेले सामान्य कार्यकर्ते सहा ते आठ भेटींत रुग्णाला पुन्हा छोट्या-छोट्या कामांकडे वळवत आणि रोजचे प्रश्न सोडवण्यात सोबत करत. ती सोबत उपयोगी ठरली. खचलेल्या माणसाला 'पुढचे पाऊल' सुचत नाही, ते दुसऱ्याबरोबर बसून शोधावे लागते.

काही बाबतींत ही युक्ती वापरूच नये. कुलूप लावले की नाही, हात स्वच्छ झाले की नाही अशा शंका मनाविरुद्ध पुन:पुन्हा येत असतील आणि खात्री करून घेतल्याशिवाय चैन पडत नसेल, तर तो मंत्रचळेपणाचा आजार असू शकतो. त्याचा उपचार वेगळा आहे आणि काळजीची वेळ तिथे खात्री करून घेण्याचा आणखी एक विधी होऊन बसते. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप-भूक गेली असेल, कशातच रस वाटत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. जगणे नकोसे वाटण्याचे विचार येत असतील, तर साडेसातची वाट पाहू नये. ते विचार पुढे ढकलण्याचे नाहीत. ते त्याच क्षणी घरातल्या कोणाला तरी सांगावेत किंवा २०२२ मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या 'टेलि-मानस' या सेवेला १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. ही सेवा नि:शुल्क असून रात्री तीन वाजताही फोन उचलला जातो आणि मराठीत बोलता येते.